बंद पडलेल्या कंपनीतून काय उरले: एका संस्थापिकेच्या करिअर-पुनर्बांधणीचे प्रकरण

या प्रकरणातील व्यक्तीने स्वतःचे स्टार्टअप चार वर्षे आणि दोन महिने चालवून बंद केले आणि त्यानंतर सुमारे सात महिन्यांनी एका वेगळ्याच प्रकारच्या कंपनीत नोकरी स्वीकारली. मी व्यवसायाने करिअर-समुपदेशक आहे. कंपनी बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मी त्यांच्यासोबत काम केले. ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत किंवा बदलले आहेत, आणि रकमांऐवजी महिने व टक्केवारी वापरली आहे. त्यांचा उल्लेख मी ‘संस्थापिका’ असाच करणार आहे.

## पार्श्वभूमी

संस्थापिकेने त्याआधी सात वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून काम केले होते. सोबत एक सहसंस्थापक होते, जे तांत्रिक बाजू सांभाळत. त्यांचे सॉफ्टवेअर लहान रोगनिदान प्रयोगशाळांसाठी होते. अशा प्रयोगशाळेत रक्ततपासणीची सात-आठ यंत्रे असतात. प्रत्येकाचे कॅलिब्रेशन, ठरावीक मुदतीची देखभाल आणि सुटे भाग बदलण्याचे वेळापत्रक वेगळे असते, आणि आयएसओ १५१८९ या मानकानुसार मानांकन हवे असेल तर या सगळ्याच्या नोंदी दाखवाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी त्या वहीत असत आणि तपासणीच्या आधी घाईघाईने पूर्ण केल्या जात. सॉफ्टवेअर आठवण करून देई, नोंदी ठेवी आणि तपासणीसाठी अहवाल काढून देई. त्यासाठी प्रयोगशाळा मासिक वर्गणी भरत.

गरज खरी होती. कंपनी बंद झाली तेव्हा पैसे देणारे ६१ ग्राहक होते आणि त्यातले बरेच जण सॉफ्टवेअर रोज वापरत होते. हे आधीच सांगायला हवे, कारण ‘कोणाला नको असलेली वस्तू बनवली’ हे अपयशाचे नेहमीचे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही.

## कंपनी का बंद पडली

वर्गणी १०० धरली तर सर्व्हर आणि दूरध्वनी-मदत यांवर २२ खर्च होतील आणि ७८ उरतील, असा मूळ हिशेब होता. ग्राहक मात्र आठवण आली की विचारू लागले, “तंत्रज्ञही तुम्हीच पाठवा ना.” विक्री अडू नये म्हणून कंपनीने बाहेरच्या तंत्रज्ञांशी समन्वय साधून देण्याची सेवा वर्गणीतच देऊ केली. फोन, पाठपुरावा, चुकलेल्या भेटींची भरपाई असे मिळून या सेवेवर दर १०० मागे ५१ खर्च होऊ लागले आणि हातात २७ उरू लागले.

हे उशिरा लक्षात आले, आणि त्याचे कारण बोधक आहे. हा खर्च प्रथम एकोणिसाव्या महिन्यात दिसला. तेव्हा संस्थापिकेने तो ‘विक्री-खर्च’ या सदरात टाकला, कारण तो ग्राहक मिळवण्यासाठीच होत होता असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. त्यामुळे गुंतवणूकदारांना जाणाऱ्या अहवालात प्रत्येक ग्राहकामागचा नफा आणखी वर्षभर निरोगी दिसत राहिला.

दोन गोष्टींनी भर घातली. विक्रीला तीन महिने लागतील असे गृहीत होते, प्रत्यक्षात सात ते आठ महिने लागत. आणि ३८ टक्के महसूल एकाच प्रयोगशाळा-साखळीकडून येत होता. तिने यंत्रे पुरवणाऱ्या कंपनीबरोबर देखभालीचा एकत्रित करार केला आणि वर्गणीचे नूतनीकरण थांबवले.

## पहिला निर्णय: कधी थांबायचे

साखळी गेली तेव्हा चालू खर्चाच्या मानाने पाच महिने पुरेल इतकी रोकड होती. नीट बंद करण्यालाही पैसे लागतात. कर्मचाऱ्यांचा सूचनाकाळ, थकित देणी, ग्राहकांचा विदा त्यांना वापरता येईल अशा रूपात परत देणे, हे सगळे धरून अडीच महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम लागेल असा अंदाज निघाला. म्हणजे प्रयत्न करण्यासाठी खरे तर अडीचच महिने होते. दोघांनी लिहून ठेवले की तेवढ्या मुदतीत चर्चेत असलेल्या तीनपैकी किमान दोन करारांवर सह्या झाल्या नाहीत तर बंद करायचे.

मुदत आली तेव्हा एका करारावर सही झालेली होती आणि दुसरा “पुढच्या आठवड्यात” होणार होता. सहसंस्थापकांचा आग्रह त्या सहीची वाट पाहण्याचा होता. संस्थापिकेनेही मान्य केले आणि सहा आठवडे गेले. करार झाला नाही. एक महिन्याची रोकड उरली आणि दीड महिन्याची तूट संस्थापिकेने तीन मार्गांनी भरून काढली: कार्यालयातील सामान विकले, पुरवठादारांना हप्ते बांधून दिले आणि उरलेले स्वतःच्या बचतीतून घातले. शेवटच्या महिन्याचा अर्धा पगार कर्मचाऱ्यांना पाच आठवडे उशिरा मिळाला.

या सहा आठवड्यांचा परिणाम पुढच्या सगळ्या घटनांवर पडला. घरखर्चाचे नऊ महिने निघतील एवढी त्यांची वैयक्तिक बचत होती, ती पाच महिन्यांवर आली. करिअरची नवी दिशा शोधायला किती वेळ मिळणार हे, माझ्या मते, कंपनी बंद करण्याच्या तारखेनेच ठरवून टाकले होते. करिअरच्या प्रश्नाकडे लोक कंपनी बंद झाल्यावर वळतात, पण त्यातला सर्वांत महाग निर्णय त्याआधीच घेतला जातो.

मात्र याच काळात त्यांनी एक गोष्ट काटेकोरपणे केली. देणे असलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः फोन केला, रक्कम आणि तारीख सांगितली, आणि ती तारीख पाळली. ज्यांना हप्ते दिले त्यांना प्रत्येक हप्त्याच्या दिवशी दोन ओळींचा निरोप जाई. हे त्यांनी भविष्याचा विचार करून केले नव्हते.

## पहिले पाच आठवडे

मला भेटल्या तेव्हा त्यांनी अर्ज पाठवायला सुरुवात केली होती. पहिल्या पाच आठवड्यांत नऊ अर्ज गेले, सर्व प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या वरच्या पदांसाठी, आणि बायोडेटाच्या माथ्यावर ‘संस्थापक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी’ असे होते. एकच बोलावणे आले. त्या मुलाखतीत अपयशाचे कारण विचारल्यावर त्या साखळीविषयी बारा मिनिटे बोलल्या. पुढे काही झाले नाही.

येथे माझीही एक चूक झाली. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांना मागील चार वर्षांच्या कामाची सविस्तर यादी करायला सांगितली. त्यांना तेव्हा स्वतःची जुनी ई-मेलसुद्धा उघडवत नव्हती. दोनदा बसल्या, दोनदा अर्ध्यावर सोडले आणि मला सांगायचे टाळले. व्यवसाय बुडाल्यानंतरच्या शोकावर उद्योजकतेचे अभ्यासक डीन शेफर्ड यांनी २००३ मध्ये जे मांडले आहे ते मला माहीत होते. त्यांचे म्हणणे असे की नुसते नुकसान उगाळत बसल्याने माणूस शिकत नाही आणि नुसते पुढच्या कामात बुडून गेल्यानेही शिकत नाही. दोन्हींत आलटून-पालटून राहणाऱ्याला झालेल्या घटनेतून अर्थ काढणे जमते. माहीत असूनही मी पहिल्या बाजूवरच जोर दिला होता. तिसऱ्या आठवड्यात आम्ही यादी बाजूला ठेवली. त्यांनी घरातील हिशेब, विमा, कर्जाचे हप्ते अशी अडलेली कामे उरकली आणि सहाव्या आठवड्यात यादीकडे परत आल्या.

## समोर असलेले पर्याय

तिसऱ्या आठवड्यात एका प्रतिस्पर्धी कंपनीकडून प्रस्ताव आला होता. पद विक्री-प्रमुखाचे, पगार चांगला, रुजू होणे तत्काळ. बोलण्यात दोनदा “तुमचे एकसष्ट ग्राहक” असा उल्लेख आला. संस्थापिकेने ग्राहकांशी केलेल्या करारांत गोपनीयतेचे कलम होते आणि कंपनी बंद झाल्यावरही ते लागू राहत होते. प्रयोगशाळा कशा चालतात याविषयीची समज त्यांची स्वतःची होती आणि ती कोठेही नेण्यात गैर नव्हते. कोणत्या ग्राहकाकडे कोणते यंत्र आहे, कोणाचा देखभाल-करार कधी संपतो, ही माहिती त्यांची नव्हती. त्यांनी लेखी विचारले की ग्राहक-यादी न देता हे पद मिळेल का. उत्तर आलेच नाही. आमच्या दृष्टीने तेही उत्तरच होते.

दुसरा पर्याय जुन्या कंपनीचा होता. पूर्वीच्या वरिष्ठांनी परत येण्यास सांगितले, पण पद त्या जिथून निघाल्या होत्या त्याच्या एक पायरी खाली. तिसरा पर्याय सहसंस्थापकांचा: तेच क्षेत्र, नवी कंपनी, तंत्रज्ञ-सेवेचे वेगळे पैसे. कल्पना वाईट नव्हती, कारण अपयशाच्या नेमक्या कारणावर तिच्यात उपाय होता. परंतु सात-आठ महिन्यांच्या विक्रीकाळात तगून राहायला जी रोकड लागते ती दोघांकडेही नव्हती, आणि संस्थापिकेला मुदत ओलांडलेल्या त्या सहा आठवड्यांविषयी बोलणे होईपर्यंत पुन्हा भागीदारी नको होती. चौथा पर्याय सल्लागार म्हणून काम करण्याचा. दोन जुन्या ग्राहकांनी मानांकन-तपासणीच्या तयारीसाठी मदत मागितली होती.

सल्लागारीकडे त्यांनी पूल म्हणून पाहिले. ती दोन्ही कामे घेतली आणि त्यातून बचतीला सुमारे एक महिन्याची भर पडली. जुन्या कंपनीला त्यांनी दोन महिन्यांची मुदत मागितली आणि ती मिळाली. अशी मुदत मागायला लोक कचरतात. मला आतापर्यंतच्या अनुभवात ती नाकारली गेल्याची उदाहरणे कमी दिसली आहेत, आणि नाकारली तरी मूळ प्रस्ताव सहसा जागेवर राहतो.

## कामांची नोंदवही

सहाव्या ते नवव्या आठवड्यात नोंदवही तयार झाली. तिच्यात चार वर्षांतील ३४ कामे होती आणि प्रत्येकासमोर चार रकाने: मी स्वतः नेमके काय केले, त्याचा पुरावा काय, हे खरे आहे असे कोण सांगेल, आणि हे काम पुन्हा आनंदाने करीन का. ‘नेतृत्व’ किंवा ‘टीमबांधणी’ असे शब्द लिहायचे नाहीत असा नियम होता, कारण त्यांना पुरावा जोडता येत नाही.

निकाल त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा लागला. गुंतवणूक मिळवणे आणि विक्री या आपल्या मोठ्या बाजू आहेत असे त्यांना वाटे. नोंदवहीत विक्रीसमोरचा पुरावा मध्यम निघाला आणि शेवटच्या रकान्यात ‘नाही’ होते. सर्वांत भक्कम ओळ होती ती नवीन प्रयोगशाळा सॉफ्टवेअरवर आणण्याची. सुरुवातीला यास सरासरी ४६ दिवस लागत. त्यांनी प्रयोगशाळांमध्ये बसून वहीतल्या नोंदी कशा होतात हे पाहिले, भरावयाच्या रकान्यांची संख्या एक-तृतीयांशावर आणली, आणि शेवटच्या वर्षी हा काळ १७ दिवसांवर आला. दहाहून अधिक ग्राहक याची साक्ष देऊ शकत होते.

दुसरी भक्कम ओळ त्यांनी जवळजवळ गाळलीच होती, कारण ती ज्या सेवेशी जोडलेली होती तिनेच कंपनी बुडवली होती. यंत्र बंद पडल्याचे फोन त्या अनेकदा स्वतः घेत. त्यातून त्यांना कळले होते की जवळपास तीनपैकी एका तक्रारीला तंत्रज्ञाची गरजच नसते. रसायनाची मुदत संपलेली असते, रोजची स्वच्छता चुकलेली असते, किंवा विजेच्या चढउताराने यंत्र सुरक्षित स्थितीत गेलेले असते. फोनवर विचारायच्या अकरा प्रश्नांचा क्रम त्यांनी बसवला होता. “ही तर आमची डोकेदुखी होती,” असे त्या म्हणाल्या. यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांच्या सेवा-विभागाला मात्र हीच डोकेदुखी रोज असते आणि तिच्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र खर्चाची तरतूद असते, हे आम्हाला पुढच्या टप्प्यात समजले.

नोंदवहीबरोबरच अपयशाचे एका पानाचे टिपण लिहिले. पहिल्या मसुद्यात सगळा दोष साखळीवर होता. दुसऱ्यात सगळा स्वतःवर, आणि तो वाचायला पहिल्यापेक्षाही निरुपयोगी होता, कारण ‘मी कमी पडले’ या वाक्यातून पुढच्या वेळी काय करायचे ते कळत नाही. तिसऱ्या मसुद्यात त्यांनी पाच निर्णय तारखांसह लिहिले आणि प्रत्येकाखाली त्या दिवशी कोणती माहिती हाताशी होती ते नोंदवले. एकोणिसाव्या महिन्यातील चुकीचे सदर येथे प्रथम स्पष्टपणे पुढे आले. पुढे मुलाखतीत त्या हेच सांगू लागल्या. त्याला दोन मिनिटे पुरत.

## संपर्कांचा उपयोग

संपर्कांच्या यादीत २१२ नावे होती. संस्थापिकेने आधी जवळचे मित्र आणि गुंतवणूकदार यांच्याशी बोलायचे ठरवले होते. मी क्रम बदलायला सुचवले. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या प्रसिद्ध निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्के लोकांनी आपण त्या व्यक्तीला वारंवार भेटत होतो असे सांगितले होते. बाकीच्यांच्या भेटी कधीमधी किंवा क्वचितच होत. कारण साधे आहे: जवळच्या माणसांना जे माहीत असते ते बहुतेक आपल्यालाही माहीत असते. येथेही तसेच झाले. मित्रांनी सहानुभूती दिली आणि त्याच तीन रिकाम्या जागांची माहिती चौघांनी चार वेळा दिली. पाच गुंतवणूकदारांपैकी एकाने शिफारस करण्याची तयारी दाखवली, उरलेले सभ्यपणे गप्प राहिले.

अकरा आठवड्यांत ३८ संभाषणे झाली, प्रत्येक वीस-पंचवीस मिनिटांचे. नोकरी मागायची नाही असे ठरले होते. परिस्थिती लपवायचीही नव्हती. पहिल्याच वाक्यात “कंपनी बंद केली आहे, पुढे काय करावे हे शोधते आहे” असे सांगितले जाई. त्यानंतर एक प्रश्न: “यंत्र बंद पडल्याची तक्रार तुमच्याकडे आली की पुढे नेमके काय होते?” लोक त्यावर मोकळेपणाने बोलत, कारण प्रश्न त्यांच्या कामाचा होता. शेवटी आणखी एका व्यक्तीचे नाव मागायचे.

सुमारे विसाव्या संभाषणानंतर एकच तक्रार परत परत ऐकू येऊ लागली. सेवा-विभागांचे सर्वांत मोठे नुकसान विनाकारण झालेल्या भेटींमध्ये होते, आणि ती मोजण्याची सोय बहुतेकांकडे नव्हती. नवी दिशा यातून दिसली. ‘आपल्याला काय आवडते’ असे विचारून ती सापडली असती असे मला वाटत नाही.

प्रत्यक्ष संधी आणणारी व्यक्ती सुट्या भागांच्या एका पुरवठादाराकडील विभागीय व्यवस्थापक होती. चार वर्षांत दोघांच्या चारच भेटी झाल्या होत्या. याच पुरवठादाराचे देणे संस्थापिकेने सांगितलेल्या तारखांना हप्त्यांनी फेडले होते. त्यांनी यंत्रे बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या सेवा-संचालकांशी ओळख करून देताना लिहिले, “यांचा धंदा बुडाला, शब्द बुडाला नाही.” ते वाक्य मला दाखवण्यात आले तेव्हा मी ते वहीत उतरवून घेतले.

## अर्ज आणि मुलाखती

संभाषणे चालू असतानाच अर्जांची दुसरी फेरी झाली. माजी संस्थापकांविषयी भरती करणाऱ्यांना काय वाटते यावर एक क्षेत्रीय प्रयोग झालेला आहे. बनावट अर्ज पाठवून केलेल्या त्या प्रयोगात माजी संस्थापकांना इतरांपेक्षा कमी बोलावणी आली, आणि ज्यांचे स्टार्टअप यशस्वी झाले होते त्यांना अपयशी ठरलेल्यांपेक्षाही कमी. हा निष्कर्ष मी संस्थापिकेला सांगितला तेव्हा त्या प्रथमच हसल्या. समोरच्याला अपयशापेक्षा अधिक शंका असते ती दोन गोष्टींची: ही व्यक्ती दुसऱ्याच्या हाताखाली काम करील का, आणि वर्षभरात पुन्हा स्वतःचे काही सुरू करायला निघून जाईल का.

म्हणून बायोडेटात कार्य आधी आणि पद नंतर लिहिले: ‘ग्राहक-उपयोजन आणि सेवा-प्रक्रिया यांची जबाबदारी, स्वतः सहस्थापित केलेल्या कंपनीत’. संस्थापक असल्याचे लपवले नाही, तसे करणे अप्रामाणिक ठरले असते आणि उघडही पडले असते. खाली ४६ ते १७ दिवसांची ओळ आली. या फेरीतील आठ अर्जांपैकी चारांना बोलावणे आले. याचे सगळे श्रेय बदललेल्या शीर्षकाला देता येणार नाही, कारण या वेळचे अर्ज मुळात अधिक जुळणाऱ्या पदांसाठी होते आणि आकडे फार लहान आहेत.

निघून जाण्याच्या शंकेवर त्यांनी निष्ठेच्या आणाभाका घेतल्या नाहीत. दोन वर्षे या क्षेत्रात स्वतंत्र व्यवसाय करणार नाही असे लिहून द्यायची तयारी दाखवली आणि उलट विचारले की या पदावरच्या व्यक्तीला कोणते निर्णय वरिष्ठांना न विचारता घेता येतात. दुसऱ्या प्रश्नाने समोरचे थोडे गोंधळत, पण त्यातून त्यांना पदाची खरी रुंदी कळे.

## शेवटचा निर्णय

सोळाव्या आठवड्यात दोन प्रस्ताव एकाच वेळी आले. रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीकडून कायम नोकरी, जिच्यात निम्म्याहून अधिक वेळ विक्रीच्या लक्ष्यांवर जाणार होता. आणि त्या सेवा-संचालकांकडून दहा आठवड्यांचा सशुल्क प्रकल्प, पुढे नोकरीची हमी नाही. जुन्या कंपनीच्या प्रस्तावाची वाढवून घेतलेली मुदत तोवर संपली होती. बचत, सल्लागारीच्या भरीसह, अंदाजे दहा आठवडे पुरेल इतकी होती.

सॉफ्टवेअर कंपनीला त्यांनी दोन आठवडे थांबायला सांगितले, ते नाकारले गेले. मग नोंदवही उघडली. विक्रीसमोर ‘नाही’ लिहिलेले होते. प्रकल्पात मात्र त्यांच्या दोन्ही भक्कम ओळी होत्या आणि प्रस्ताव देणाऱ्या व्यक्तीकडे स्वतःच्या अधिकारात नेमणूक करण्याची मुभा होती. हे त्यांनी स्पष्ट विचारून घेतले होते. प्रकल्प स्वीकारताना त्यांनी अर्धे शुल्क आगाऊ मागितले आणि यशाचे माप सुरुवातीलाच लिहून घेतले.

मी स्वतः त्या दिवशी नोकरी घ्यायचा सल्ला दिला असता, आणि अवलंबून असलेली माणसे जास्त असती किंवा आगाऊ शुल्क मिळाले नसते तर तोच सल्ला योग्य ठरला असता असे आजही वाटते.

प्रकल्प तीनपैकी एका विभागात झाला. तंत्रज्ञ पाठवण्याआधी फोनवर प्रश्नांचा क्रम विचारायचा आणि प्रत्येक भेटीनंतर ती आवश्यक होती की नाही याची नोंद करायची. प्रश्न नव्याने, त्या कंपनीच्याच यंत्रांसाठी आणि तिच्याच तंत्रज्ञांबरोबर बसून तयार केले गेले. जुन्या ग्राहकांच्या नोंदी वापरल्या नाहीत. पहिले तीन आठवडे फारसे काही घडले नाही, कारण फोन घेणारे कर्मचारी प्रश्न टाळून सरळ भेट नोंदवत होते. भेट नोंदवल्यावर त्यांचे काम संपायचे, प्रश्न विचारल्यास वाढायचे. संस्थापिकेने फोनवर सुटलेली तक्रारही त्यांच्या कामगिरीत मोजली जाईल अशी व्यवस्था करवून घेतली, तेव्हा बदल दिसू लागला. दहाव्या आठवड्याअखेर त्या विभागातील भेटी १८ टक्क्यांनी घटल्या होत्या.

## निष्पत्ती

त्यानंतर तीन आठवड्यांत सेवा-प्रक्रिया प्रमुख म्हणून नेमणूक झाली. पगार स्टार्टअपपूर्व पगारापेक्षा थोडा अधिक होता, पण त्यांच्या बरोबरीचे सहकारी दरम्यान जेथे पोहोचले होते त्यापेक्षा कमी. हे अंतर खरे आहे आणि ‘अनुभव मिळाला’ म्हणून ते भरून निघत नाही, असे त्या स्वतः सांगतात. कंपनी बंद करताना झालेले वैयक्तिक कर्ज चौदा महिन्यांत फिटले.

नोकरीच्या चौथ्या महिन्यात त्यांनी लेखा-विभागाला न विचारता सेवा-कराराच्या नमुन्यातील एक अट बदलली. आपल्या कंपनीत असा बदल त्या दुपारी ठरवून संध्याकाळी अमलात आणत. येथे त्यामुळे दोन करार परत करावे लागले आणि समज मिळाली. मुलाखतीत त्यांनी निर्णयांच्या मर्यादा विचारल्या होत्या, पण विचारणे आणि अंगवळणी पडणे यांत काही महिने गेले.

सहसंस्थापक दुसऱ्या कंपनीत अभियंता म्हणून रुजू झाले. त्या सहा आठवड्यांविषयी दोघांचे बोलणे झाले ते दहा महिन्यांनी. संबंध आहेत, पण पूर्वीसारखे नाहीत.

## काय वेगळे करता आले असते

सर्वांत वरचे स्थान बंद करण्याच्या तारखेला आहे. तारीख लिहिलेली असूनही पाळली गेली नाही, कारण ती पाळायला लावणारे तिसरे कोणी नव्हते. शिफारस देणाऱ्या त्या एका गुंतवणूकदाराला किंवा हिशेबनीसाला ती आधीच कळवली असती, तर “पुढच्या आठवड्यात सही होते आहे” हे वाक्य दोघांच्याच खोलीत राहिले नसते.

दुसरे, नोंदवही कंपनी चालू असतानाच दर तिमाहीला भरता आली असती. कंपनी बंद झाल्यावर जुन्या नोंदींपर्यंत पोहोचता येत नाही. ४६ दिवसांचा आकडा एका जुन्या सादरीकरणात सापडला म्हणून वाचला. इतर तीन-चार कामांचे आकडे सर्व्हरबरोबर गेले. तिसरे, पहिले नऊ अर्ज पाठवायला नको होते. त्यातल्या दोन कंपन्या नंतर अगदी योग्य वाटल्या, परंतु तेथे नकार नोंदलेला होता.

सध्या त्यांची कंपनी प्रयोगशाळांसाठी देखभाल-नोंदींचे सॉफ्टवेअर स्वतः तयार करण्याच्या विचारात आहे आणि नेतृत्वासाठी त्यांचे नाव पुढे आले आहे. होकार देण्यापूर्वी त्यांनी एकच अट घातली आहे: तंत्रज्ञ-समन्वयाचा खर्च अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दाखवला जावा आणि ती ओळ दर महिन्याला त्यांच्याकडे यावी. हे लिहीत असताना त्यावर निर्णय झालेला नाही.